कंपनीची गाडी ऑफिसला आणि घरालाही: करपात्र मूल्य काढायची नीट पद्धत

कंपनीने दिलेली गाडी ऑफिसच्या कामालाही वापरता आणि रविवारी घरच्यांना घेऊन बाहेरही काढता, तर त्या सोयीची एक किंमत तुमच्या पगारात मिळवली जाते आणि तिच्यावर कर लागतो. पगाराच्या भाषेत हा पर्क्विझिट, बोलताना नुसता 'पर्क'. आकडा काढणं अवघड नाही, तरीही तो चुकतो, कारण लोक आधी गाडीची किंमत, पेट्रोलची बिलं आणि लीजचा हप्ता घेऊन बसतात. मिश्र वापराच्या गाडीसाठी या तिन्हींचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. तिथे आयकर नियम ३(२) महिन्याची ठरीव रक्कम देतो. खरं काम असतं आपण त्या नियमाच्या कोणत्या ओळीत बसतो ते शोधण्याचं.

आधी वर्ष पाहा: इथले सगळे आकडे, नियम आणि फॉर्म आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्या तारखेनंतरच्या पगारासाठी हे रुपये उचलू नका, नव्या नियमांतला तक्ता घ्या.

## टप्पा १: कागद समोर ठेवा

कॅल्क्युलेटर उघडण्याआधी चार गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली गाडीची आरसी. तिच्यावरून दोन गोष्टी पाहायच्या: गाडी कोणाच्या नावावर आहे आणि इंजिन किती सीसीचं आहे. दुसरी म्हणजे कंपनीचं कार पॉलिसीचं पत्र, आणि गाडी लीजवर असेल तर लीजचा करार. तिसरी ड्रायव्हरची नोंद. तो कंपनीने दिला आहे की तुम्ही स्वतः ठेवला आहे, आणि त्याचा पगार कोणाच्या खिशातून जातो? चौथी तारखांची यादी: गाडी कधी मिळाली, बदलली कधी, परत कधी केली, ड्रायव्हर कधीपासून आला.

सीसी पाहताना जाहिरातीतला किंवा गाडीच्या मागे लिहिलेला आकडा धरू नका. सीमारेषा १.६ लिटरची, म्हणजे १,६०० सीसीची आहे. एकाच मॉडेलमध्ये एक इंजिन १,४९७ सीसीचं आणि दुसरं १,९५६ सीसीचं असू शकतं. आरसीवर १,५९८ असेल तर गाडी खालच्या टप्प्यात राहते, कारण नियमात '१.६ लिटरपेक्षा जास्त नाही' असं म्हटलं आहे.

विजेच्या गाडीला सीसीच नसते. त्यामुळे ती १.६ लिटर ओलांडत नाही असं मानून सहसा खालच्या टप्प्यात धरली जाते. तुमच्या पेरोलने काय धरलं आहे ते मात्र ईमेलवर लिहून घ्या.

तपासा: आरसीवर लीजिंग कंपनीचं नाव असेल तर करारात गाडी भाड्याने घेणारी बाजू तुमची कंपनी असली पाहिजे. नियम 'मालकाच्या मालकीची किंवा मालकाने भाड्याने घेतलेली' गाडी असा आहे, आणि इथला मालक म्हणजे नोकरी देणारा. लीजिंग कंपनीशी करार तुम्ही स्वतः केला असेल तर पुढचं सोपं गणित तुम्हाला लागू होत नाही. मग थेट टप्पा ७ वर जा.

## टप्पा २: पर्क लागतो का, ते ठरवा

कंपनीच्या गाडीचा पर्क प्रत्येक नोकरदाराला लागत नाही. कलम १७(२)(iii) नुसार तो तीन प्रकारच्या लोकांना लागतो: कंपनीचे संचालक, कंपनीत २० टक्के किंवा जास्त मतदान हक्क असलेले, आणि ज्यांचा रोख पगार ठराविक मर्यादेच्या वर आहे असे. ही मर्यादा वर्षानुवर्षं ५०,००० रुपये होती, म्हणजे तिचा काही उपयोगच नव्हता. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ती ४ लाख रुपये झाली आहे. गाडी मिळणाऱ्या बहुतेकांचा पगार याहून जास्तच असतो, पण छोट्या कंपनीत विक्रीच्या कामासाठी गाडी मिळालेला, साडेतीन लाख पगाराचा मुलगा आता यातून सुटू शकतो.

दुसरा मुद्दा घर ते ऑफिस प्रवासाचा. याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की कंपनीने दिलेल्या वाहनाने घरून ऑफिसला आणि ऑफिसहून घरी जाणं हा लाभ धरायचा नाही. म्हणजे गाडी फक्त या ये-जा करण्याला आणि ऑफिसच्या कामालाच वापरली जात असेल, तर तेवढ्यावरून तिला 'मिश्र वापर' म्हणता येत नाही.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. 'मी गाडी घरी नेतो फक्त, बाकी काही नाही' असं म्हणायचं आणि शनिवारी तीच गाडी लोणावळ्याला काढायची, हे चालत नाही. पूर्ण ऑफिस वापराचा दावा करायचा तर कंपनीने प्रत्येक ऑफिस प्रवासाची नोंद ठेवावी लागते: तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च. शिवाय खर्च पूर्णपणे ऑफिसच्या कामासाठीच झाला असं प्रमाणपत्रही कंपनीने द्यावं लागतं. वर्षाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेलं लॉगबुक टोलच्या आणि पंपाच्या नोंदींशी लावून पाहिलं की लगेच उघडं पडतं. खाजगी वापर खरंच होत असेल तर मिश्र वापर मान्य करा. पुढे दिसेल की तो फार महाग नाही.

## टप्पा ३: योग्य ओळ निवडा

गाडी कंपनीची किंवा कंपनीने भाड्याने घेतलेली, आणि वापर दोन्ही कामांना. आता एकच प्रश्न उरतो: खाजगी फिरण्याचं पेट्रोल आणि देखभाल कोण भरतं?

सगळा खर्च कंपनी भरत असेल तर:
- १.६ लिटरपर्यंत: महिन्याला १,८०० रुपये
- १.६ लिटरच्या वर: महिन्याला २,४०० रुपये

खाजगी वापराचा खर्च तुम्ही स्वतः भरत असाल तर:
- १.६ लिटरपर्यंत: महिन्याला ६०० रुपये
- १.६ लिटरच्या वर: महिन्याला ९०० रुपये

दोन्ही बाबतींत कंपनीने ड्रायव्हर दिला असेल तर महिन्याला आणखी ९०० रुपये.

जुनी करपद्धत निवडा की नवी, हे मूल्य दोन्हींत सारखंच निघतं.

थांबा: या ठिकाणी सगळ्यात मोठी चूक होते. कोणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं की गाडीच्या किमतीचे १० टक्के झीज म्हणून धरायचे, आणि ते या रकमेत मिळवले जातात. १० टक्क्यांचा नियम गाडी फक्त खाजगी वापराला दिली असेल तेव्हाचा आहे. मिश्र वापरात गाडी सहा लाखांची असो की चाळीस लाखांची, ठरीव रकमेवर फरक पडत नाही. लीजचं भाडंही मिळवायचं नाही.

ड्रायव्हरचे ९०० रुपये तो तुमच्यासाठी किती तास राबतो यावर ठरत नाहीत. तो कंपनीने दिला आहे का, एवढंच पाहायचं. तुम्ही स्वतः ठेवलेल्या आणि स्वतः पगार देत असलेल्या ड्रायव्हरसाठी ९०० रुपये मिळवायचे नाहीत.

## टप्पा ४: महिने मोजा

रक्कम महिन्याची आहे आणि मोजायचे ते पूर्ण महिने. अर्धवट महिना सोडून द्यायची पद्धत आहे. पेरोल सॉफ्टवेअर मात्र कधी अर्धवट महिना पूर्ण धरतं, कधी दिवसांच्या हिशोबाने विभागतं. म्हणून वर्षाचा एकच गुणाकार न करता ओळी पाडून हिशोब करा.

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या एका कंपनीतल्या मॅनेजरला १० जुलै २०२५ रोजी १,१९७ सीसीची गाडी मिळाली. ३० नोव्हेंबरला ती परत झाली आणि १ डिसेंबरपासून १,९५६ सीसीची गाडी आली. १ जानेवारी २०२६ पासून कंपनीने ड्रायव्हरही दिला. सगळा खर्च कंपनीचा आणि वापर दोन्ही कामांना.

- जुलै: महिना अपुरा, शून्य
- ऑगस्ट ते नोव्हेंबर: ४ महिने × १,८०० = ७,२०० रुपये
- डिसेंबर ते मार्च: ४ महिने × २,४०० = ९,६०० रुपये
- ड्रायव्हर, जानेवारी ते मार्च: ३ महिने × ९०० = २,७०० रुपये

वर्षाचं करपात्र मूल्य १९,५०० रुपये. ३० टक्क्यांच्या टप्प्यात, ४ टक्के सेस धरून, कर ३१.२ टक्के होतो. म्हणजे प्रत्यक्ष कर ६,०८४ रुपये.

पेरोलने घाईत '१२ महिने × ३,३००' केलं असतं तर आकडा ३९,६०० झाला असता, दुपटीहून जास्त. ही चूक कंपनीला गाडी बदलल्याची तारीख कळते पण पेरोलला कळत नाही अशा ठिकाणी होते. गाड्यांचं काम अॅडमिनकडे आणि पगाराचं दुसऱ्याच विभागाकडे असतं. म्हणून गाडी घेताना आणि परत करताना सही केलेल्या कागदाची प्रत पेरोलला स्वतः पाठवा.

## टप्पा ५: वजाबाकीचा मोह आवरा

बऱ्याच कंपन्या खाजगी वापरापोटी पगारातून महिन्याला काही रक्कम कापतात. समजा २,००० रुपये. साहजिकच वाटतं की पर्कच्या २,४०० मधून हे २,००० वजा होतील आणि कर ४०० रुपयांवर लागेल.

तसं होत नाही. मिश्र वापराच्या ठरीव रकमेतून कर्मचाऱ्याकडून वसूल केलेली रक्कम वजा करायची तरतूद नियमात नाही. ती वजाबाकी फक्त पूर्ण खाजगी वापराच्या गाडीला आहे. कापलेले २,००० रुपये गेले आणि पर्क २,४०० चाच राहिला.

घोळ होतो तो फॉर्म १२बीएमुळे. फॉर्म १६ सोबत येणाऱ्या या तक्त्यात गाडीची ओळ दुसऱ्या क्रमांकाला आहे आणि तिच्यापुढे तीन रकाने आहेत: नियमाप्रमाणे मूल्य, कर्मचाऱ्याकडून वसूल रक्कम आणि करपात्र रक्कम. मधला रकाना दिसला की माणूस त्यात कापलेली रक्कम भरतो. मिश्र वापराच्या गाडीसाठी तिथे शून्य हवं आणि पहिला आणि तिसरा आकडा सारखा हवा.

तपासा: गाडीच्या लीजचं भाडं तुमच्या सीटीसीतून जात असेल तर फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये कलम १७(१) चा पगार पाहा. लीजचं भाडं तिथे करपात्र भत्ता म्हणून धरलेलं असेल आणि खाली १७(२) मध्ये पर्कही लावला असेल, तर एकाच गाडीवर दोनदा कर बसतो आहे. लीज ही कंपनीची बांधिलकी असेल तर ती रक्कम तुमच्या पगारात दिसायला नको, फक्त पर्क दिसायला हवा.

## टप्पा ६: खाजगी पेट्रोल स्वतः भरावं का?

तक्त्यात ६०० आणि ९०० च्या ओळी पाहून काही जण ठरवतात की खाजगी पेट्रोल आपणच भरू, कर वाचेल. गणित करून पाहा. मोठ्या गाडीत २,४०० वरून ९०० वर आलात तर पर्क महिन्याला १,५०० ने घटतो. ३१.२ टक्क्यांनी वाचलेला कर ४६८ रुपये. लहान गाडीत फरक १,२०० चा आणि बचत सुमारे ३७४ रुपये. एवढ्या पैशांत महिन्याला साडेतीन-साडेचार लिटर पेट्रोल येतं, आणि तेवढ्यात पुण्याहून महाबळेश्वरची एक फेरीही होत नाही.

कंपनी सगळं पेट्रोल द्यायला तयार असेल तर निव्वळ कर वाचवायला ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कंपनीच्या धोरणातच खाजगी खर्च तुमच्यावर असेल, तर ही खालची ओळ मिळवणं तुमचा हक्क आहे. ती आपोआप मिळत नाही. धोरणाचं पत्र आणि तुमच्या खात्यातून भरलेल्या पेट्रोलच्या पावत्या पेरोलकडे द्याव्या लागतात. नाहीतर पेरोल १,८०० किंवा २,४०० लावून मोकळं होतं.

### घरात कंपनीची दुसरी गाडी असेल तर

इथे हिशोब एकदम बदलतो. तुम्ही किंवा घरातले कंपनीच्या एकापेक्षा जास्त गाड्या वापरत असाल, तर ठरीव रकमेची सवलत एकाच गाडीला मिळते. बाकीच्या गाड्या पूर्ण खाजगी वापराच्या धरल्या जातात आणि ते १० टक्के इथे लागतात.

समजा दुसऱ्या गाडीची मूळ किंमत ८ लाख. झिजेचे १० टक्के ८०,०००, आणि कंपनीने वर्षभरात पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंगवर केलेला खर्च ७०,०००. एकूण १,५०,०००. पगारातून महिन्याला २,००० कापले जात असतील तर ते इथे वजा होतात: २४,००० जाऊन पर्क १,२६,००० रुपये. पहिल्या मोठ्या गाडीचा, ड्रायव्हर नसताना, वर्षाचा पर्क फक्त २८,८०० आहे हे लक्षात घ्या.

कोणती गाडी मिश्र धरायची हे नियमाने बांधून दिलेलं नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी हिशोब मांडून पाहा. सहसा महागडी आणि जास्त खर्चिक गाडी मिश्र वापरात धरली की एकूण पर्क कमी येतो.

## टप्पा ७: गाडी तुमची, खर्च कंपनीचा

गाडी तुमच्या नावावर आहे आणि कंपनी पेट्रोल, सर्व्हिसिंग, ड्रायव्हर यांची बिलं भरून देते. इथे तेच १,८०० आणि २,४०० चे आकडे दिसतात, पण काम उलटं करतात. आधीच्या टप्प्यांत ही रक्कम म्हणजे पर्क होता. इथे ही रक्कम कंपनीच्या खर्चातून वजा होते आणि उरलेला सगळा खर्च करपात्र ठरतो. शिवाय ४ लाखांची मर्यादा इथे उपयोगी पडत नाही, कारण कंपनी तुमचं देणं भरते आहे आणि तो पर्क पगार कितीही असला तरी लागतो.

१,४९७ सीसीची स्वतःची गाडी घ्या. कंपनीने वर्षभरात बिलांपोटी १,४४,००० आणि ड्रायव्हरच्या पगारापोटी १,८०,००० दिले. एकूण ३,२४,०००. वजा होणार १२ × (१,८०० + ९००) = ३२,४००. करपात्र मूल्य २,९१,६०० रुपये. हीच गाडी आणि हाच ड्रायव्हर कंपनीचा असता तर पर्क फक्त ३२,४०० झाला असता.

हा फरक कमी करायचा एकच मार्ग आहे. ऑफिसच्या कामाचा खरा खर्च ठरीव रकमेपेक्षा जास्त असेल तर तो जास्तीचा आकडा वजा करता येतो, पण टप्पा २ मधल्या त्याच दोन अटींवर: कंपनीकडे प्रवासाची तपशीलवार नोंद आणि कंपनीचं प्रमाणपत्र. नोंदींवरून वरच्या उदाहरणात २,१०,००० ऑफिसच्या कामाचे निघाले, तर पर्क १,१४,००० वर येतो. सतत साइटवर फिरणाऱ्या इंजिनियरला किंवा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हला लॉगबुकचा कंटाळा परवडत नाही.

थांबा: गाडीच्या कर्जाचा हप्ता कंपनीकडून मिळत असेल तर तो पेट्रोलच्या बिलांत मिसळू नका. ही वजावट गाडी चालवण्याच्या आणि देखभालीच्या खर्चासाठी आहे. तुमच्या नावावरच्या कर्जाचा हप्ता कंपनी भरते तेव्हा ती रक्कम पूर्णच करपात्र होते.

## टप्पा ८: फेब्रुवारीत पेरोलशी हिशोब जुळवा

मार्चचा पगार निघायच्या आधी वर्षाचा टीडीएस कमी-जास्त करायला कंपनीला वाव असतो, म्हणून हे फेब्रुवारीत करावं. पेरोलला एक छोटा ईमेल पुरतो: महिन्यागणिक गाडी, सीसी, ड्रायव्हर आहे की नाही, खाजगी खर्च कोणाचा, आणि तुम्ही काढलेली रक्कम. सोबत आरसीची प्रत आणि तारखांचे कागद.

चूक फॉर्म १६ आल्यावर लक्षात आली तर कंपनीला फॉर्म २४क्यू, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं तिचं विवरणपत्र, दुरुस्त करून सुधारित फॉर्म १६ द्यायला सांगा. कंपनी ऐकेना आणि रिटर्नची तारीख जवळ आली, तर रिटर्नमध्ये बरोबर आकडा भरता येतो. पण फॉर्म १६ आणि रिटर्न जुळणार नाही आणि विचारणा येण्याची शक्यता राहील. त्यासाठी हिशोबाचा कागद, आरसी, करार आणि पेरोलला केलेले ईमेल एका फाइलमध्ये ठेवा. पेरोलने पर्क कमी धरला असेल, उदाहरणार्थ ड्रायव्हरचे ९०० विसरले असतील, तरी रिटर्नमध्ये पूर्ण रक्कमच दाखवायची. उरलेला कर तुम्हालाच भरावा लागतो.